एमएमसी म्हणजे सरसकट ०.४ नव्हे

"पोझिशन ०.२ आणि त्यावर एमएमसी दिलंय, म्हणजे होलच्या साइजचा ०.२ बोनस मिळून ०.४ झाले. तुमच्याच रिपोर्टमध्ये ०.२८४ आहे. शिवाय चारही होल एकाच दिशेला सरकलेत, म्हणजे पॅटर्न बरोबर आहे, डेटम शिफ्ट द्या. आणि आमच्याकडे मेटिंग पार्ट सहज बसतो. मग लॉट रिजेक्ट कसा?"

शेठ, नमस्कार.

सातपूर-अंबडच्या व्हेंडर ग्रुपवर हा हिशोब सारखा फिरत असतो, त्यामुळे तुमचा मेसेज वाचून नवल वाटलं नाही. तुमच्याच फ्लॅंजवर एकेक मुद्दा घेतो.

आधी ०.४ चं बघू. ड्रॉइंगवर होल १०.०० ते १०.२० आहे. पोझिशनचा ०.२ लागू होतो तो होल १०.०० असताना, कारण एमएमसी म्हणजे जास्तीत जास्त मटेरियलची अवस्था, आणि सगळ्यात लहान होलमध्ये मटेरियल सगळ्यात जास्त असतं. त्यापुढे होल जितका मोठा निघेल तितकाच बोनस, आणि तो त्या होलपुरताच. पूर्ण ०.२ बोनस हवा तर होल १०.२० चा लागतो. तुमचा पहिला होल १०.०४ चा आहे. बोनस ०.०४, परवानगी ०.२४, आणि पोझिशन निघाली ०.२८४. फेल. बाकीचे तीन होलही याच्याच आसपास आहेत.

तुमच्या इन्स्पेक्शन शीटवर हाच होल १०.०७ लिहिलाय. तेही रीडिंग खोटं नाही. बोअर गेज दोन समोरासमोरचे बिंदू मोजतो, आणि होल थोडा अंडाकृती असेल तर एका दिशेने १०.०७ दिसणारच. पण बोनस मोजायचा तो होलमध्ये बसणाऱ्या सगळ्यात मोठ्या सिलिंडरच्या मापावरून, ते १०.०४ आहे. तसंही १०.०७ धरलं तरी परवानगी ०.२७ होते, आणि पार्ट तरीही बाहेरच.

०.२८४ आकडा कुठून आला, हेही विचारलं होतंत. सीएमएमवर एक्समध्ये ०.११ आणि वायमध्ये ०.०९ सरक आहे. दोन्ही ०.२ च्या आत दिसतात म्हणून ऑपरेटर निर्धास्त राहिला असेल. पण पोझिशनचा झोन गोल असतो आणि ०.२ हा त्याचा व्यास असतो. केंद्रापासूनचं तिरकं अंतर ०.१४२, त्याची दुप्पट ०.२८४.

डेटम शिफ्टचा मुद्दा तुमच्या बाकीच्या मुद्द्यांपेक्षा वजनदार आहे. चारही होल मिळून एका बाजूला गेले असतील तर शिफ्टचा खरंच उपयोग होतो. पण ती मिळायला फीचर कंट्रोल फ्रेममध्ये डेटम बी च्या पुढेही वर्तुळातला एम लागतो. आपल्या फ्रेममध्ये तो फक्त ०.२ च्या पुढे आहे. बी, म्हणजे मधला बोअर, जसा आहे तसाच धरायचा. त्यात हलायला जागा नाही. डिझाइनवाल्यांनी मुद्दाम असं ठेवलंय की नाही ते विचारता येईल, पण आज ड्रॉइंग हेच आहे.

मेटिंग पार्ट बसतो, हे मान्य. त्याच्या पिनांची कमाल साइज ९.६५ आणि पोझिशन एमएमसीला ०.१५ आहे, म्हणजे वाईटात वाईट अवस्थेत ती पिन ९.८० ची जागा अडवते. आपल्या होलचा हिशोबही तोच: १०.०० वजा ०.२०, म्हणजे ९.८०. तुमच्याकडचा पीस चांगला निघाला म्हणून बसला. फंक्शनल गेजच्या पिना म्हणूनच ९.८० च्या आहेत, आणि तुमचा पार्ट त्या गेजमध्ये जात नाही.

आता लॉटचं काय करायचं. होल उघडून १०.१२ केला तर परवानगी ०.३२ होते, मग ०.२८४ पास होतो आणि साइजही लिमिटमध्ये राहते. ड्रॉइंगच्या आतलं काम आहे, डेव्हिएशनची गरज नाही. मात्र हे फ्लोटिंग होल्डरमधल्या रीमरनेच करा, तो असलेल्या होलच्या मागे जातो. ऑफसेट सुधारून बोअर मारायला गेलात तर प्रत्येक बाजूला काढायला ०.०४ च मटेरियल आहे आणि होलचं केंद्र ०.१४ ने बाजूला आहे. एका बाजूला टूल लागणारच नाही आणि होल आणखी बिघडेल. रीमिंगनंतर प्रत्येक होल गेजवर घाला, सॅम्पलिंग चालणार नाही.

पुढच्या सेटअपआधी स्पिंडलला डायल लावून तो फिक्स्चरच्या स्पिगॉटभोवती फिरवून बघा आणि स्पिगॉटचं केंद्र G54 शी जुळतं का ते तपासा. मग स्पिगॉटचा व्यासही मोजा. पार्ट-पार्टमध्ये सरक जवळपास सारखीच आहे, त्यामुळे माझा पहिला संशय ऑफसेटवर आहे. स्पिगॉट झिजलेला असेल आणि क्लॅम्प दर वेळी एकाच बाजूने ढकलत असेल तरी असंच दिसेल, म्हणून दोन्ही बघा. डायलचं रीडिंग आणि स्पिगॉटचं माप पाठवा, तोवर लॉट होल्डवर ठेवतो.