ब्लू व्हेलच्या बातम्या आणि मॉरल पॅनिक

“२०१७ साली ब्लू व्हेल गेमने मुंबईपासून केरळपर्यंत कितीतरी मुलांचे जीव घेतले. पेपर आणि चॅनेलवाल्यांनी वेळीच आरडाओरडा केला, म्हणून बाकीची वाचली.”

हा दावा तपासून पाहू. ब्लू व्हेल म्हणजे एक अनोळखी ‘क्युरेटर’ मुलांना ऑनलाइन ५० टास्क देतो आणि शेवटचं टास्क आत्महत्येचं असतं, अशी कथा. पहिली गोष्ट, ॲप स्टोअरमधून डाउनलोड करता येईल असा गेमच नव्हता. कथेचं मूळ रशियात आहे. मे २०१६ मध्ये ‘नोवाया गाझेता’ या रशियन वृत्तपत्राने सहा महिन्यांतल्या १३० किशोरवयीन आत्महत्या मोजल्या आणि त्यांतली बहुतेक मुलं आत्महत्येविषयीच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये होती, असं छापलं. पण आधीच खचलेली मुलं अशा ग्रुपकडे ओढली जाऊ शकतात. ग्रुपने त्यांना मारलं, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. अशा ग्रुपचा ॲडमिन फिलिप बुडेइकिन याला जुलै २०१७ मध्ये तिथे शिक्षा झाली, हे खरं. त्यावरून भारतातल्या मृत्यूंचं कारण मात्र कळत नाही.

भारतात काय सापडलं? सरकारने नेमलेल्या समितीने मुलांचे फोन, कॉल रेकॉर्ड, सोशल मीडिया तपासले, वाचलेल्या मुलांशी बोलणंही केलं. एकाही घटनेत ब्लू व्हेलचा संबंध प्रस्थापित झाला नाही, असं उत्तर जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत दिलं गेलं. तोवर अंधेरीतल्या एका चौदा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूवर ‘भारतातला पहिला बळी’ हे लेबल कधीच चिकटलं होतं.

दावा सगळ्यात जास्त लंगडा पडतो तो ‘वाचवलं’ या शब्दापाशी. १९६४ च्या ईस्टरला इंग्लंडमधल्या क्लॅक्टनच्या किनाऱ्यावर मॉड्स आणि रॉकर्स या तरुणांच्या दोन गटांत हाणामाऱ्या झाल्या. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेनने त्या बातम्यांचा अभ्यास करताना मॉरल पॅनिकचा, म्हणजे एखाद्या गटाला किंवा गोष्टीला समाजाचा धोका ठरवून माजणाऱ्या अतिरेकी भीतीचा, एक टप्पा नोंदवला: संवेदनीकरण. एकदा धोक्याला नाव मिळालं की कालपर्यंत साधी वाटणारी गोष्ट त्याच धोक्याचा पुरावा ठरू लागते. आपल्याकडे तेच झालं. हातावरचा ओरखडा, वहीतला मासा, रात्री उशिरापर्यंतचा फोन, सगळंच ‘लक्षण’ झालं. मुलगा आत्महत्येचा विचार करत असेल, तर घरचं, शाळेचं, आजाराचं काय चाललंय हे विचारायला हवं होतं. प्रत्यक्षात दप्तर आणि मनगट तपासलं गेलं. शिवाय आत्महत्येचं एकच कारण सांगून बातमी रंगवू नका, हे जागतिक आरोग्य संघटना माध्यमांना बजावत आलीच आहे; इथे तर कथित ५० टास्कची यादीसुद्धा छापली गेली.

निबंध लिहिणाऱ्यांनी एक फरक मात्र नक्की पाहावा. क्लॅक्टनमध्ये तरुणच फोक डेव्हिल, म्हणजे समाजाने धोका ठरवलेले खलनायक, होते. ब्लू व्हेलमध्ये तरुण हे बळी आणि सैतान म्हणजे बिनचेहऱ्याचा ‘क्युरेटर’. मॅकरॉबी आणि थॉर्नटन या अभ्यासकांनी १९९५ मध्ये म्हटलं होतं की आजचे फोक डेव्हिल स्वतःच्या माध्यमांतून उलट उत्तर देतात. क्युरेटरकडून तसं उत्तर येणं शक्यच नव्हतं, कारण भारतातल्या बातम्यांत त्याला ना नाव होतं ना पत्ता.

आणि हो, मॉरल पॅनिक म्हणणं म्हणजे ‘काही घडलंच नाही’ म्हणणं नव्हे. मुलं गेली, आईबापांचं दुःख खरं होतं. प्रश्न आहे तो त्या मृत्यूंना पुराव्याआधी चिकटवलेल्या कारणाचा.