सिकलसेल, डोक्याची डॉप्लर आणि रक्ताची ‘सवय’

“सिकलसेलच्या पोराला लकवा व्हायचा असला तर आधी डोकं दुखतं, चक्कर येते. मूल खातंय, खेळतंय तर डोक्याची डॉप्लर म्हणजे फुकटचा खर्च. अन् एकदा रक्त चढवलं की शरीराला त्याची सवय लागते. चढवलंच तर रिपोर्ट नॉर्मल येताच बंद करा.”

सिकलसेलच्या मुलांच्या पालकांना असा सल्ला दिला जातो. त्यात पहिल्या वाक्यापासूनच गडबड आहे. एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही सिकलसेलचा जनुक आलेल्या मुलांमध्ये कवटीच्या तळाशी मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या आतून अरुंद होत जातात. हे सावकाश होतं आणि दुखत नाही. कित्येकदा पहिलं लक्षण लकवाच असतो. डॉप्लर तपासणी रुळण्याआधी अमेरिकेत एसएसच्या साधारण ११ टक्के रुग्णांना विशीच्या आत लकवा झालेला असे. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत हिमोग्लोबिन एफ, म्हणजे गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन, जास्त असतं, त्यामुळे लकव्याचं प्रमाण कमी दिसतं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि कुणाच्या धमन्या बिघडल्यात ते चेहऱ्यावरून कळत नाही.

डॉप्लर रक्ताचा वेग मोजते. पाण्याच्या पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबलं की धार जोरात येते, तसंच धमनी अरुंद झाली की वेग वाढतो. कानशिलाजवळ जेल लावून प्रोब टेकवतात. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, भूल नाही. एसएस मुलांची ही तपासणी २ ते १६ वर्षं वयात दरवर्षी करायची असते. मूल जागं आणि शांत हवं, कारण झोपेत आकडा बदलतो. ताप असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर तपासणी पुढे ढकलावी.

रिपोर्टमध्ये ‘सरासरी वेग’ बघा. सेकंदाला १७० सेंटीमीटरच्या खाली म्हणजे नॉर्मल, १७० ते १९९ म्हणजे लवकर पुन्हा तपासायचं, आणि २०० किंवा जास्त म्हणजे धोका. अशा मुलांपैकी, काही केलं नाही तर, वर्षाला शंभरात साधारण दहांना लकवा होतो. नेहमीची चूक अशी की काही ठिकाणी ठोक्याच्या क्षणीचा सर्वोच्च वेग लिहून देतात. तो सरासरीपेक्षा बराच मोठा असतो, म्हणून त्याला २००ची फूटपट्टी लावू नये. इमेजिंग मशीनवर आकडे थोडे कमी येतात, तेही तपासणाऱ्याला विचारावं.

आता रक्ताचं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टॉप’ चाचणीत २००च्या वर वेग असलेली १३० मुलं होती. ६३ जणांना नियमित रक्त दिलं, त्यांच्यात एकाला लकवा झाला. उरलेल्या ६७ जणांवर नेहमीचे उपचार झाले, त्यांच्यात ११ जणांना झाला. फरक इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

समजा, सहा वर्षांची, १८ किलोची मुलगी आहे. उजव्या बाजूचा वेग २१४, दोन आठवड्यांनी पुन्हा २०८. तिला दर तीन-चार आठवड्यांनी किलोमागे १० ते १५ मिली, म्हणजे १८० ते २७० मिली लाल पेशी लागतील. हेतू हिमोग्लोबिन फुगवण्याचा नाही. ते फार चढलं तर रक्त घट्ट होऊन उलट धोका. हेतू हा की हिमोग्लोबिन एसचा, म्हणजे सिकलसेलच्या सदोष हिमोग्लोबिनचा, वाटा ३० टक्क्यांखाली राहावा. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत संपतात, म्हणून पुन्हा द्याव्या लागतात. ज्याला सवय म्हणतात ती एवढीच.

खरी किंमत मात्र आहे, ती लपवू नये. एका पिशवीत साधारण २०० मिलीग्रॅम लोह असतं आणि ते बाहेर टाकायला शरीराकडे वाट नाही. वर्षभरात ते यकृतात साठू लागतं, मग साठलेल्या लोहाचा अंदाज देणारं फेरिटिन रक्तात बघून लोह काढणारं औषध द्यावं लागतं. परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडंही तयार होऊ शकतात, म्हणून सी, ई आणि केल हे गटही जुळवलेले बरे.

शेवटचा सल्ला सगळ्यात घातक. ‘स्टॉप-२’मध्ये किमान अडीच वर्षं रक्त घेऊन वेग नॉर्मल झालेल्या ७९ मुलांपैकी ४१ जणांचं रक्त बंद केलं. दोघांना लकवा झाला आणि चौदा जणांचा वेग पुन्हा धोक्याच्या रेषेवर गेला. चालू ठेवलेल्या ३८ मध्ये दोन्हींपैकी काही झालं नाही. तो नॉर्मल रिपोर्ट रक्तामुळेच आलेला असतो.

सुटायची वाटही आहे. किमान वर्षभर रक्त घेतलेल्या आणि एमआर अँजिओत धमन्या फार अरुंद नसलेल्या मुलांना हायड्रॉक्सियुरिया या औषधावर नेता येतं, हे २०१६ साली ‘ट्विच’ चाचणीत दिसलं. औषध पूर्ण डोसपर्यंत वाढवत नेईस्तोवर रक्त चालू ठेवतात, मग थांबवतात. रक्त नियमित मिळतच नाही तिथे हेच औषध सुरू करणं काहीच न करण्यापेक्षा चांगलं. पण ज्याला एकदा लकवा होऊन गेलाय, त्याच्यासाठी ही अदलाबदल नाही. तशा मुलांच्या चाचणीत औषधावर नेलेल्या ६७ पैकी सात जणांना पुन्हा लकवा झाला, रक्तावर ठेवलेल्या ६६ पैकी एकालाही नाही.