तोंड आलं, अंगावर फोड उठले, तरी गोळी चालूच ठेवायची?

मोबाइलवर असा एक संदेश फिरतोय: «नवीन औषध सुरू केल्यावर तोंड आलं, घसा सोलवटला, अंगावर फोड उठले तर घाबरू नका. ती औषधाची उष्णता बाहेर पडते. कोर्स अर्धवट सोडू नका. सोलकढी, सब्जाचं पाणी आणि बी-कॉम्प्लेक्स घ्या, अ‍ॅलर्जीची एक गोळी घ्या, फोडांना भाजल्यावरचं मलम लावा. आठ दिवसांत सगळं उतरतं. सर्वांना पाठवा.»

हा सल्ला जिवावर बेतू शकतो. त्यातल्या उष्णतेपासूनच सुरुवात करू. नुसतं तोंड येणं आपल्याकडे घरोघरी असतं. ओठाच्या आत किंवा जिभेच्या कडेला एक-दोन गोल व्रण, मधे पिवळट, भोवती लाल कडा. ताप नसतो, डोळे ठीक असतात, अंगावर काही नसतं. त्याला सोलकढी प्या नाही तर पिऊ नका, आठवडा-दोन आठवड्यांत ते जातं. इथे वर्णन आहे ते वेगळं. काही औषधांमुळे, काही माणसांत, शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी आपल्याच कातडीच्या वरच्या थरावर चाल करून जातात. त्या थरातल्या पेशी मरतात आणि तो थर खालच्या कातडीपासून सुटतो. तोंड, घसा, डोळे, लघवीची जागा यांना आतून तसंच नाजूक अस्तर असतं, म्हणून तिथेही सोलवटतं, आणि बहुतेकदा आधी तिथेच. स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन डॉक्टरांनी 1922 मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. सुटलेली कातडी अंगाच्या 30 टक्क्यांहून जास्त झाली की त्याच आजाराचं नाव टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस होतं, आणि त्या टप्प्यावर तीनपैकी सुमारे एक रुग्ण दगावतो. मोजायला सोपं माप आहे: रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण 1 टक्का.

आता कोर्सचं. हा सल्ला अँटिबायोटिकांवरून आला आहे, आणि इथे तो अगदी उलट पडतो. एक उदाहरण घेऊ. समजा डिचोलीतल्या 52 वर्षांच्या गृहस्थांच्या तपासणीत युरिक अ‍ॅसिड थोडं वाढलेलं निघालं आणि ॲलोप्युरिनॉल सुरू झालं. (सांधा कधी सुजलाच नसेल तर नुसत्या आकड्यासाठी ही गोळी सहसा लागत नाही, पण ते असो.) पंधरा दिवस काहीच नाही. सोळाव्या दिवशी ताप, घसादुखी, डोळ्यांची चुरचुर. घरचे फ्लू समजले, फार्मसीतून पॅरासिटामॉल आणि एक अँटिबायोटिक आणलं. अठराव्या दिवशी ओठ सुजून त्यांवर रक्ताळलेली खपली धरली, पाणी गिळवेना. एकोणिसाव्या दिवशी छातीवर मधे काळसर असलेले लाल डाग, खाजेपेक्षा दुखणारे. विसाव्या दिवशी त्यांवर पाण्याचे फोड.

इथे घरातले लोक दोन चुका करतात. पहिली, दोष कालच्या अँटिबायोटिकाला देतात. पण ते सुरू झालं ताप आल्यानंतर, म्हणजे तो ताप त्याने आणलेला नाही. पहिल्या लक्षणापासून मागे मोजायचं: साधारण 4 ते 28 दिवस आधी, क्वचित दोन महिन्यांपर्यंत मागे, कोणतं औषध नव्याने सुरू झालं? ॲलोप्युरिनॉल, फिट्सच्या कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, तसंच को-ट्रायमोक्साझोलसारखी सल्फाची औषधं आणि पायरोक्सिकॅम, मेलॉक्सिकॅमसारख्या वेदनाशामक गोळ्या या यादीत वर असतात. दुसरी चूक, «पंधरा दिवस सोसली की, मग आता कशी बाधेल?» पहिल्याच गोळीला उठणारी पित्ताची गांधी वेगळी, ही वेगळी. हिला आठवडे लागतात.

संशयित गोळीचा पुढचा डोस घ्यायचा नाही. ॲलोप्युरिनॉलपासून शरीरात बनणारा पदार्थ एक दिवसाहून जास्त टिकतो, मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी, म्हणून प्रत्येक जादा गोळी पुढच्या दिवसांचा मारा वाढवते. फिट्सची गोळी असेल तर ती थांबवून घरी बसणंही धोक्याचं, फिट येऊ शकते. डोस टाळायचा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जायचं, म्हणजे तिथे दुसरं औषध सुरू होईल. कार्बामॅझेपिनवर झालं म्हणून घरातली जुनी फेनिटॉइन देऊ नका. दोघांची जात एकच आहे.

अ‍ॅलर्जीच्या गोळीने खाज कमी होईल, पण कातडी सुटायची थांबत नाही. भाजल्यावरच्या पांढऱ्या मलमात बऱ्याचदा सिल्व्हर सल्फाडायझिन असतं, म्हणजे सल्फाच. सल्फावरच संशय असलेल्या माणसाच्या उघड्या कातडीवर तेच थापायचं! फोड फोडू नका, सुटलेली कातडी ओढू नका, चिकटपट्टी लावू नका, ती काढताना चांगली कातडीही येते. स्वच्छ, मऊ चादरीत सैल गुंडाळा. आंबट सोलकढी सोललेल्या घशात मिरचीसारखी झोंबते, आणि गिळता येत नसेल तर पाणीही बळेच पाजू नका, श्वासनलिकेत जाईल.

राहिले ते आठ दिवस. पहिले डाग दिसल्यापासून कातडी सुटण्याचा जोर नेमका याच दिवसांत, बऱ्याचदा चार-पाच दिवसांतच, टोकाला पोचतो. डोळ्यांचं तर त्याहून वाईट. पापणीच्या आतलं अस्तर बुबुळाच्या बाजूला चिकटून व्रण धरतं, आणि कातडी महिन्याभरात भरून आली तरी दृष्टी कायमची जाऊ शकते. गरज पडल्यास डोळ्यावर गर्भाभोवतीच्या वेष्टनाचा पातळ पडदा बसवतात, त्याचा फायदा पहिल्या काही दिवसांतच जास्त. म्हणून डोळ्यांचे डॉक्टर पहिल्याच दिवशी लागतात.

नवीन औषध, तोंडात किंवा ओठांवर व्रण, आणि दुखणारे डाग किंवा फोड, हे तीन जमले की रात्र असली तरी निघायचं. ताप किंवा लाल डोळे असतील तर फोडांची वाटही पाहू नका. 108 ला फोन करा आणि «नवीन औषधानंतर तोंड सोललंय, अंगावर फोड आलेत» असं स्पष्ट सांगा. गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात त्वचा, डोळे आणि मेडिसिन हे तिन्ही विभाग एका जागी आहेत. वाळपई किंवा काणकोणहून निघताना श्वास लागत असेल, आवाज घोगरा झाला असेल, तर आधी जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. गेल्या दोन महिन्यांतल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घ्या, आयुर्वेदिक आणि फार्मसीतून मागून आणलेल्याही, आणि कागदावर कोणती कधी सुरू केली ती तारीख लिहा.

तिथे भाजलेल्या रुग्णासारखी काळजी घेतात: उबदार खोली, शिरेतून पाणी, नाकातून नळीने अन्न, न चिकटणारी पट्टी. स्टेरॉइड किंवा सायक्लोस्पोरिन द्यायचं की नाही हे डॉक्टर रुग्ण पाहून ठरवतात, त्यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. फार्मसीतून आणून घरी घ्यायची ती गोष्ट नव्हे.

बरं झाल्यावर पाकिटात एक कार्ड ठेवा. त्यावर ब्रँडचं नाव नको, मूळ औषधाचं लिहा, कारण तेच ॲलोप्युरिनॉल दहा वेगळ्या नावांनी विकलं जातं. «थोडीशी घेऊन बघू» असं कधीच नाही, दुसऱ्या वेळी हा आजार जास्त लवकर आणि जास्त जोरात येऊ शकतो. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर रुग्णाचे नातेवाईकही करू शकतात.