लिव्हरला चुकवून जाणाऱ्या गोळ्या, आणि न जाणाऱ्या

"गोळी गिळू नका!! गिळलेल्या औषधातलं ९० टक्के लिव्हर खाऊन टाकतं. तीच गोळी जिभेखाली ठेवा, १०० टक्के औषध थेट रक्तात. बीपी वाढलं की बीपीची गोळी जिभेखाली, दोन मिनिटांत आराम. पित्त होत असेल तर गोळीची पूड तेलात कालवून बेंबीवर लावा, पॅच असाच बनवतात. कंपन्या हे सांगत नाहीत. सर्वांना पाठवा."

मावशीने हा मेसेज नुसता पाठवला असता, तर एक हसरा चेहरा टाकून सोडून दिलं असतं. पण तिने पाठवायच्या आधी करून पाहिलं, तेही काकांवर. त्याचं पुढे येईलच. मी आयुष्यभर फार्मसीच्या मुलांना हेच शिकवलं, त्यामुळे थोडं चिडून लिहितोय, ते समजून घ्या.

आधी जे खरं आहे ते कबूल करतो, कारण मेसेजची सगळी जादू त्यातच आहे. पोटातून आणि आतड्यातून जे रक्त निघतं, ते सरळ हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून आधी यकृतात जातं. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात औषधाची मोडतोड करणारी एन्झाइम्स असतात. म्हणजे गिळलेलं औषध शरीरभर पोचण्याआधी एक जकात नाका ओलांडतं. या पहिल्याच फेरीत जे कापलं जातं, त्याला फर्स्ट पास म्हणतात. जिभेखालच्या बारीक शिरांचं रक्त मात्र गळ्यातल्या मोठ्या शिरेतून हृदयाकडे उतरतं, नाका वाटेत येत नाही. कातडीतून शिरलेल्या औषधाचंही तसंच. इतकं बरोबर.

आता ९० टक्के. हा आकडा कुठल्या औषधाचा? प्रत्येक औषधाची जकात वेगळी असते. छातीच्या कळांवरचं नायट्रोग्लिसरीन गिळलं तर शंभरातला जेमतेम एखादा भाग मूळ रूपात सुटतो. हृदयाचे ठोके आवरणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलचा साधारण चौथा हिस्सा उरतो. पॅरासिटामॉल बरंचसं सुखरूप पोचतं. आणि मधुमेहासाठी घरोघरी खाल्लं जाणारं मेटफॉर्मिन? त्याला यकृत मोडतच नाही, ते जसंच्या तसं लघवीतून जातं. ज्याला कोणी लुटतच नाही त्याला आडवाटेने नेऊन काय वाचवणार?

आणि जिथे जकात जबर आहे, तिथे ती गोळीच्या वजनात आधीच धरलेली असते. प्रोप्रॅनोलॉल शिरेतून द्यायचं तर एकेक मिलिग्रॅम, तेही हृदयाचे ठोके बघत देतात. गोळी मात्र ४० मिलिग्रॅमची मिळते. हा फरक कंपनीच्या उदारपणाचा नाही, यकृत किती कापणार याचा हिशोब त्यात मांडलेला आहे. कंपन्या लपवतात म्हणे! औषधाच्या माहितीपत्रकात बायोअव्हेलेबिलिटी या शब्दापुढे, औषधाचा किती हिस्सा शेवटी रक्तात पोचतो, हा आकडा छापलेला असतो. बारीक अक्षरात असतो, हे मान्य.

काही औषधांना तर नाका लागतोच. बीपीचं एनालाप्रिल आणि रक्ताची गुठळी होऊ न देणारं क्लोपिडोग्रेल ज्या रूपात आपण गिळतो, त्या रूपात ती जवळजवळ निकामी असतात. यकृतच त्यांना कामाचं रूप देतं. कोलेस्टेरॉलवरच्या अॅटोरव्हास्टॅटिनचा सातवा हिस्साच पुढे रक्तात जातो, पण त्याचं काम यकृतातच असल्यामुळे ते तिथे अडकलं तर बिघडत काहीच नाही. अॅस्पिरिनची गंमत आणखी वेगळी. ते यकृतापर्यंत पोचण्याआधी पोर्टल शिरेतल्या रक्तातच प्लेटलेट्सना, म्हणजे गुठळी करणाऱ्या कणांना, गाठून त्यांचं काम बंद पाडतं. हार्ट अॅटॅकच्या संशयातही अॅस्पिरिन लवकर शोषलं जावं म्हणून चावून गिळायला सांगतात, जिभेखाली धरून बसायला नाही.

मग जिभेखालची गोळी खरी कुणाची? नायट्रोग्लिसरीनची. १८७९ साली विल्यम मरेल या इंग्रज डॉक्टरने ते छातीच्या कळांवर वापरल्याचं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. त्याआधी त्याने एक टक्का द्रावणाच्या बाटलीचं ओलं बूच स्वतःच्या जिभेला लावून पाहिलं होतं, आणि डोक्यात घणाचे घाव बसावेत तशी नाडी उडू लागली होती. एका बुचाच्या ओलीने एवढं होतं, कारण हा रेणू लहान आहे, तेलकट आहे आणि अगदी थोडका पुरतो. जिभेखालचं पातळ अस्तर ओलांडायला हे तिन्ही गुण लागतात. ती जागा इवलीशी, वर लाळ सतत सुटत असते, आणि माणूस दर मिनिटाला घोट गिळतो. जे औषध त्या दोन-चार मिनिटांत आत शिरलं नाही, ते लाळेबरोबर पोटात गेलं. म्हणजे फिरून त्याच नाक्यावर.

हिशोब करून पाहू. ०.५ मिलिग्रॅमची नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखाली विरघळली, तर साधारण ४० टक्के, म्हणजे ०.२ मिलिग्रॅम रक्तात पोचतं. छातीतली कळ एक ते तीन मिनिटांत ओसरू लागते. लक्षात घ्या, सर्वांत लायक उमेदवाराचेही ४० टक्केच, शंभर नाहीत. तीच गोळी गिळली तर ०.००५ मिलिग्रॅमच्या आसपास उरेल, म्हणजे न घेतल्यासारखंच. म्हणून गिळायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या २.६ किंवा ६.४ मिलिग्रॅमच्या आणि हळूहळू सुटणाऱ्या असतात. त्यांचं काम कळ येऊ नये हे, आलेली कळ थांबवणं नाही. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या सॉर्बिट्रेटमध्ये आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट असतं, त्याचीही कथा अशीच, फक्त जकात थोडी सौम्य. यकृत त्याचं जे मोनोनायट्रेट करतं, तेही कामाचं निघालं आणि त्याला नाक्यावर जवळपास काहीच द्यावं लागत नाही. मग तेच वेगळं औषध म्हणून बाजारात आलं, रोज गिळायला. फर्स्ट पास चुकवायचा हाही एक रस्ता, आणि तो रेणू बदलून काढलेला.

आता बीपी. मला राग आला तो इथे.

त्या रात्री काकांचं बीपी १७६ वर १०० भरलं. डोकं दुखत नव्हतं, छातीत काही नव्हतं, लग्नाहून दमून आले होते इतकंच. मावशीने त्यांची नेहमीची ५ मिलिग्रॅमची अॅम्लोडिपीन जिभेखाली ठेवली. वीस मिनिटांनी पुन्हा पट्टा बांधला, १७४. "मेसेजमध्ये तर दोन मिनिटं लिहिलंय," म्हणून दुसरी. अर्ध्या तासाने तिसरी. काका म्हणाले, "अगं कडू लागतंय," तर ही म्हणे, "लागणारच, औषध आहे ते." सकाळी काका अंथरुणातून उठले आणि दारातच खाली बसले. वरचं बीपी ९६.

यात गूढ काही नाही. अॅम्लोडिपीन गिळलं तरी त्याचा साठ ते नव्वद टक्के भाग रक्तात पोचतो, तेव्हा वाचवण्यासारखं फारसं उरतच नाही. त्याचा स्वभावच सावकाश आहे. त्याची रक्तातली पातळी सहा ते बारा तासांनी शिगेला जाते आणि निम्मं उतरायला ३० तासांहून जास्त लागतात. जिभेखाली ठेवून मावशीने त्याला घाई करायला लावली नाही, तिने फक्त तीन गोळ्या दिल्या, आणि तिन्ही मिळून पहाटे कामाला लागल्या. अर्ध्या तासात बीपी उतरलं नाही ही औषधाची चूक नव्हती. पाणी पिऊन, शांत पडून, तासाभराने पुन्हा मोजलं असतं तर बहुधा आपोआपच थोडं उतरलं असतं. अशा वेळी छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं, हातपाय लुळे पडणं यांपैकी काही असेल तर थेट हॉस्पिटल, घरी प्रयोग नाहीत.

हे खूळ नवीन नाही, आणि ते घराघरांतल्या लोकांनी काढलेलंही नाही. आम्हा वैद्यकातल्या लोकांचीच ही देणगी आहे. निफेडिपीन या बीपीच्या औषधाची मऊ कॅप्सूल सुईने टोचून तिचा थेंब जिभेखाली पिळायचा, ही रीत जगभरच्या कॅज्युअल्टीत वर्षानुवर्षं चालली. बीपी खरंच धाडकन उतरायचं, सगळे खूश. मग १९९६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये ग्रॉसमन, मेसर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या नोंदी एकत्र मांडल्या. बीपी असं अनावर कोसळल्यावर मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटून पक्षाघात, हार्ट अॅटॅक आणि मृत्यू झाल्याच्या त्या नोंदी होत्या. ही पद्धत थांबवावी, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. वर्षानुवर्षं वाढीव दाबाची सवय झालेल्या मेंदूला दाब एकदम खाली आला की रक्त पुरत नाही. म्हणजे मेसेजने जो वेग गुण म्हणून विकलाय, तोच इथे माणसं मारत होता.

आणि कळस असा, की त्या थेंबाचा जिभेशी फारसा संबंधच नव्हता. १९८७ सालीच डच संशोधकांनी लॅन्सेटमध्ये दाखवलं होतं की तोंडात धरलेलं निफेडिपीन अस्तरातून नगण्यच शोषलं जातं. जे बीपी उतरायचं ते लाळेबरोबर गिळलेल्या द्रवामुळे. जिभेखाली म्हणून दिलेलं औषध पोटातून, यकृतातून, सगळे नाके ओलांडूनच जात होतं.

बेंबीचं थोडक्यात. आपली कातडी औषध आत घेण्यासाठी नाही, बाहेरचं बाहेर ठेवण्यासाठी बनलेली आहे. तिच्या वरच्या मृत थरातून लहान, तेलात विरघळणारे आणि दिवसाला मोजके मिलिग्रॅम पुरणारेच रेणू जातात. नायट्रोग्लिसरीनचा ५ मिलिग्रॅमचा पॅच तासाला ०.२ मिलिग्रॅम सोडतो. तीव्र वेदनांवरच्या फेंटानिलचा तर मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. पॅचमध्ये औषधाचा साठा आणि त्याच्या सुटण्याचा वेग, दोन्ही ठरवलेले असतात. शिवाय नायट्रोग्लिसरीनचा पॅच रात्री दहा-बारा तास काढून ठेवावा लागतो, नाहीतर शरीर सरावतं आणि औषध लागू पडेनासं होतं. ५०० मिलिग्रॅम मेटफॉर्मिनची पूड तेलात कालवली तर ते पाण्यात विरघळणारं औषध तेलातही नीट मिसळत नाही, कातडीतून जायचं तर सोडाच. पलंगपोस तेवढा खराब होईल आणि साखर वाढेल. हळूहळू सुटणारी गोळी कुटून जिभेखाली ठेवली तर उलटंच, लाळेबरोबर दिवसभराचा डोस एकदम पोटात.

मावशीला फोनवर एवढं सगळं सांगितलं. ती गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे यांच्या पाकिटातली ती छोटी गोळीपण फेकू?"

ती सॉर्बिट्रेट आहे मावशी, काकांना कार्डिओलॉजिस्टने लिहून दिलेली. ती नाही फेकायची. छातीत कळ आली तर आधी खुर्चीत बसवायचं, कारण उभ्याने चक्कर येऊन पडतात. तोंड कोरडं असेल तर पाण्याचा एक घोट, मग गोळी जिभेखाली, आणि ती विरघळेपर्यंत गिळायची नाही. पाच मिनिटांत कळ गेली नाही की १०८ लावायचा, मला नाही.