बापूला पाठवलेला निरोप

लातूर जिल्ह्यात येळवसच्या दिवशी, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. यंदा माझ्या सख्ख्या धाकट्या भावानं, बापूनं, मला हाक मारली नाही. रात्री फोनवर फोटो आले. कडब्याची कोप, आत पाच पांडव, भज्जीचं पातेलं, अंबिलीचं मडकं आणि मांडी घालून बसलेला बापूचा साडू. साडू!

मी तिथंच फोनवर लिहायला घेतलं. 'तुला लाज नाही. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तवा तुझी दोन पोरं माझ्याच घरी शिकत होती. आणि येळवसला साधं बोलावलंसुद्धा नाहीस? पुन्हा माझ्या दारात येऊ नको!'

पाठवण्याआधी बायकोला वाचून दाखवलं. शाबासकी हवी होती, दुसरं काय.

ती मेथी निवडत होती. "हे धाडल्यावर बापू काय म्हणतील? अण्णानं माझी लाज काढली, पोरांना पाजलेलं पाणी काढलं. येळवसचं कोण बोलणार मग?"

हे खरं होतं. दुखलं होतं येळवसला, आणि मी भांडण नेलं होतं आठ-दहा वर्षं मागं, पाण्याच्या रेल्वेपाशी. रेल्वे खोडली. लाज आणि दारही खोडलं. उरलं ते असं: 'फोटो पाहिले. येळवस छान झाली.'

"याला अंगठा येईल," बायको म्हणाली.

अंगठा नको होता. मला दुखलंय हे त्याला कळायला हवं होतं. मग लिहिलं, 'आपण मोठी माणसं. आमची कसली आली अपेक्षा!' बापूला जन्मात पहिल्यांदा 'आपण' म्हटलं होतं, त्यामुळे फार सभ्य वाटत होतं.

"हा तोच राग आहे," ती म्हणाली, "फक्त इस्त्री करून आणलाय. अपेक्षा नव्हती म्हणता, मग अर्धा तास फोन कामून कुरवाळताय?"

आता मी हट्टाला पेटलो. भावनाच हवी ना? घे. 'मला वाटलं की तू मुद्दाम टाळलंस.' आहे की नाही 'मला'? आहे की नाही 'वाटलं'?

तिनं जुडी खाली ठेवली. "वाईट वाटलं म्हणजे तुमच्या पोटातलं. वाटलं की मुद्दाम टाळलंस, हे त्यांच्या पोटातलं, ते तुम्हाला काय ठाऊक? 'वाटलं'च्या मागं 'की' आला की समजायचं, आरोप आलाय."

मराठीच्या या एका 'की'नं माझी अर्धी हयात उघडी पाडली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी तिला रोज 'मला वाटतं की' म्हणूनच बोलत आलोय.

मग बारीक काम सुरू झालं. 'साधं बोलावलंसुद्धा नाहीस' यातलं 'साधं' गेलं, 'सुद्धा' गेलं. निम्मी भांडणं या चिल्लर शब्दांवरच चालतात. माझ्या मते 'तू'सुद्धा जायला हवा होता. म्हणून 'बोलावणं आलं नाही' केलं. पण ते वाचून पोस्टमनचीच चूक वाटत होती. बायको म्हणाली, "तू बोलावलं नाहीस, हेच ठेवा. घडलं ते घडलं. त्याला विशेषणं लावू नका म्हणजे झालं."

"पण यात माझं दुखणं कुठाय?"

"तुम्ही सकाळी काय करत होता?"

काय करत होतो? आठलाच अंघोळ करून बसलो होतो. ती भाकरी टाकायला निघाली तर म्हणलं, थांब, बापूचा फोन येईल. साडेबारा वाजता आम्ही दोघांनी पोहे खाल्ले. येळवसला, पोहे!

तेच लिहिलं. 'बापू, येळवसचे फोटो पाहिले. सकाळपासून तुझ्या फोनची वाट पाहिली, घरी स्वयंपाक केला नव्हता. तू बोलावलं नाहीस, मला फार वाईट वाटलं.' शेवटी उद्गारचिन्ह टाकलं होतं, ते बायकोनं माझ्या देखत पुसलं. रात्री पावणेबाराला निरोप गेला.

लगेच फोन आला नाही. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि मग कितीतरी वेळ बापू नुसता लिहीतच होता. मी मनात 2016 ची रेल्वे पुन्हा फलाटावर आणून उभी केली, लागली तर असावी म्हणून.

उत्तर आलं.

'अण्णा, घरच्या माणसाला बोलावतेत का? आपलंच शेत हाय म्हणून वाट बघलो. तुमची भज्जी दोनपर्यंत झाकून ठेवली होती. तुम्ही आला नाहीत, मला लई वाईट वाटलं.'

बायकोनं ते दोनदा वाचलं, फोन माझ्या हातात दिला आणि मेथीची देठं गोळा करत म्हणाली, "बघा. पहिल्याच खेपेला लिहिलंय त्यांनी."