‘कारखाने गेले, नोकऱ्या गेल्या’: फिरणाऱ्या मेसेजमधलं खरं किती?

> जागतिकीकरण म्हणजे उघड लूट. परदेशी स्वस्त माल आला की इथले कारखाने बंद, लाखो नोकऱ्या गायब. गेलेली नोकरी परत येत नाही. हळूहळू सगळ्या जगाची गाणी-सिनेमेही एकच होणार. उपाय सोपा आहे, आयातीवर जबर कर लावा, सगळं आपोआप परत येईल!

हा मेसेज गेल्या महिन्याभरात मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला. त्यातलं एक वाक्य जवळजवळ खरं आहे, दोन अर्धवट आहेत, एक खरं नाही आणि शेवटचं साफ चुकीचं आहे. गंमत म्हणजे लोक सगळ्यात जास्त टाळ्या त्या शेवटच्यालाच देतात. या विषयावर सगळ्यात बारकाईनं अभ्यास अमेरिकेचा झालाय, म्हणून उदाहरणं बहुतेक तिथली घेतो.

नोकऱ्या

अमेरिकेत 2000 साली कारखान्यांमध्ये सुमारे 1 कोटी 72 लाख लोक काम करत होते. 2010 मध्ये उरले सुमारे 1 कोटी 15 लाख. मधल्या काळात, डिसेंबर 2001 मध्ये, चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. एवढं वाचलं की कुणीही म्हणेल, झालं, चोर सापडला.

पण दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये हा गुंता सोडवायचा चांगला प्रयत्न केला. त्यांनी अमेरिकेचे 722 भाग पाडले. भाग पाडताना राज्याची किंवा जिल्ह्याची सीमा पाहिली नाही, लोक रोज कामासाठी कुठून कुठे ये-जा करतात ते पाहिलं. मग प्रत्येक भागात आधीपासून कोणते उद्योग आहेत आणि त्या उद्योगांच्या मालाची चिनी आयात किती वाढली, याचा मेळ घातला. फर्निचर, खेळणी, चपला बनवणाऱ्या भागाला जबर तडाखा, विमानं बनवणाऱ्या भागाला जवळजवळ काहीच नाही.

इथे एक शंका येते. आयात वाढली ती चीन स्वस्त झाला म्हणून, की अमेरिकेतच मागणी बदलली म्हणून? म्हणून त्यांनी त्याच मालाची इतर आठ श्रीमंत देशांमधली चिनी आयातही पाहिली. सगळीकडे तोच माल वाढत असेल, तर कारण एका देशातल्या मागणीत नसून चीनच्या बाजूला आहे असं धरता येतं. हे सगळं करून निघालं ते असं: 1990 ते 2007 मध्ये कारखान्यांतल्या नोकऱ्यांची जी घट झाली, तिचा साधारण चौथा हिस्सा चिनी आयातीमुळे. चौथा हिस्सा म्हणजे काही किरकोळ नाही, पण मेसेजवाला समजतो तसा सगळाही नाही.

मग उरलेला? त्यातला बराच वाटा यंत्रांचा आणि नव्या पद्धतींचा. अमेरिकेच्या पोलादाचंच घ्या. 1962 ते 2005 या काळात तिथल्या पोलाद उद्योगातल्या सुमारे 4 लाख नोकऱ्या गेल्या, म्हणजे चारातले तीन कामगार. आणि माल? 2005 मध्ये जवळजवळ साठच्या दशकाइतकाच बाहेर पडत होता. मोठ्या भट्टीत खनिजापासून लोखंड काढण्याऐवजी भंगार विजेच्या भट्टीत वितळवणारे छोटे कारखाने आले, आणि तेवढ्याच पोलादाला फार कमी माणसं लागू लागली.

यातून एक साधी कसोटी मिळते. उद्योगातल्या नोकऱ्या घटल्या असं कुणी म्हटलं की आधी विचारा, उत्पादनाचं काय झालं? नोकऱ्या आणि उत्पादन दोन्ही घटले आणि बाहेरचा माल वाढला, तर संशय आयातीवर. उत्पादन तेवढंच राहून माणसं घटली, तर संशय यंत्रांवर. कसोटी ढोबळ आहे, कारण आयातीच्या भीतीनंच कारखानदार यंत्रं आणतो असंही होतं. तरी मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं पाहायला हरकत नाही.

आणि देशही सगळे एका मापाचे नसतात. जर्मनीवर असाच अभ्यास झाला, 1988 ते 2008 या काळाचा, चीन आणि पूर्व युरोप दोन्ही धरून. तिथे कापड आणि खेळण्यांसारख्या उद्योगांना फटका बसला. पण जर्मन यंत्रं आणि मोटारींना पूर्व युरोपात गिऱ्हाईक मिळालं आणि वजाबाकी करून सुमारे 4 लाख 42 हजार नोकऱ्या जास्तच उरल्या. व्यापार तोच. तुम्ही काय बनवता आणि समोरचा तुमच्याकडून काय विकत घेतो, यावर हिशोब फिरतो.

‘गेलेली नोकरी परत येत नाही’

हेच ते जवळजवळ खरं वाक्य. आणि इथे चूक मेसेजवाल्यांची कमी, माझ्यासारख्या अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांची जास्त. एका गावातला कारखाना बंद पडला की माणसं दुसऱ्या गावी, दुसऱ्या धंद्यात जातात, थोडी वर्षं ओढाताण आणि मग सुरळीत, असं आम्ही फळ्यावर दोन रेघा मारून दाखवायचो. मीही दाखवलंय.

त्या 722 भागांत तसं झालं नाही. फटका बसलेल्या भागांमधून लोक फारसे हललेच नाहीत. घर तिथे, घराचं कर्ज तिथे, म्हातारे आईवडील तिथे, आणि गाव बसल्यामुळे घराला भावही येत नाही. बाकीच्या धंद्यांमधले पगारही दबले. त्याच लेखकांनी 2021 मध्ये पुन्हा मोजलं. चिनी आयातीची लाट 2010 च्या सुमारास थांबली होती, तरी 2019 पर्यंत त्या भागांमधल्या नोकऱ्या भरून निघाल्या नव्हत्या.

सरकारी मदतीचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांना शिक्षण आणि भत्ता देणारी खास योजना अमेरिकेत 1962 पासून होती. प्रत्यक्षात, दर कामगारामागे आयात 1000 डॉलरनं वाढली तेव्हा त्या भागात सरकारी मदत दर माणशी सुमारे 58 डॉलरनं वाढली. त्यात या खास योजनेचे किती? 23 सेंट. अपंगत्वाच्या भत्त्यातून मात्र आठेक डॉलर गेले. म्हणजे काम गेलेली माणसं नवं काम शिकण्याऐवजी मोठ्या संख्येनं कायमची कामाबाहेर गेली. 2022 मध्ये त्या योजनेची मुदतही संपली, नवे अर्ज घेणं थांबलं.

तेव्हा ‘लूट’ हा शब्द मला पटत नाही, पण त्यामागचा राग समजतो. स्वस्त मालाचा फायदा कोट्यवधी घरांत थोडा थोडा वाटला जातो, कुणाला जाणवतही नाही. तोटा मोजक्या गावांच्या डोक्यावर एकदम पडतो. बेरीज अधिक आली म्हणून त्या गावातल्या माणसाचं घर चालत नाही.

गाणी-सिनेमे

इथे थोडक्यात आटोपतो, कारण आकडेच मेसेजच्या उलट बाजूला आहेत. फर्नांडो फरेरा आणि जोएल वाल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञांनी 22 देशांमधल्या लोकप्रिय गाण्यांच्या याद्या 1960 पासून तपासल्या. अमेरिकन गाणी सगळ्यांना गिळत चाललीत असं काही दिसलं नाही. उलट आपल्या देशाच्या गाण्यांकडे असलेला ओढा त्यांच्या अभ्यासातल्या शेवटच्या दशकात वाढलेला निघाला.

सिनेमाचं चित्र जरा गुंतागुंतीचं आहे, कारण मोठ्या खर्चाच्या सिनेमाला मोठा बाजार लागतो. दक्षिण कोरियानं 1988 मध्ये हॉलिवूडच्या कंपन्यांना थेट सिनेमे लावू दिले. 1993 पर्यंत देशी सिनेमाचा वाटा सुमारे 16 टक्क्यांवर घसरला. तेव्हा हा मेसेज आला असता तर मीही पुढे पाठवला असता! पुढे तो वाटा पुन्हा वर चढला. 2006 मध्ये चित्रपटगृहांवरची देशी सिनेमे दाखवायची सक्ती वर्षाला 146 दिवसांवरून 73 वर आणली. लगेचची दोन वर्षं वाटा खाली गेला, मग पुन्हा निम्म्याच्या आसपास आला. एवढ्यावरून कुठलीच संस्कृती बुडत नाही असा दावा मी करणार नाही. ज्या भाषेत पैसा लावणारा कुणी नाही, तिची गोष्ट वेगळी. पण ‘सगळं एकच होणार’ हे काही खरं नाही.

‘जबर कर लावा’

हा प्रयोग करून झालाय, आणि हिशोबही मांडून झालाय. कपडे धुण्याच्या मशीनवर.

अमेरिकेनं आधी दक्षिण कोरिया आणि मेक्सिकोहून येणाऱ्या वॉशिंग मशीनवर कर लावला. कंपन्यांनी उत्पादन चीनमध्ये नेलं. मग चीनवर लावला. उत्पादन थायलंड आणि व्हिएतनामला गेलं. दुकानातला भाव या सगळ्यात फारसा वाढलाच नाही. शेवटी 2018 च्या सुरुवातीला जवळजवळ सगळ्या देशांच्या मशीनवर सरसकट कर बसला: वर्षातल्या पहिल्या 12 लाख मशीनवर 20 टक्के, त्यापुढे 50.

आता पळायला जागा उरली नाही आणि भाव सुमारे 12 टक्क्यांनी चढला, म्हणजे मशीनमागे 86 डॉलर. फक्त परदेशी मशीनचाच नव्हे, देशी कंपन्यांनीही हात धुऊन घेतले. आणि ड्रायर? कपडे वाळवणाऱ्या त्या यंत्रावर एक सेंटही कर नव्हता. पण तिथे वॉशर आणि ड्रायर जोडीनं विकतात, म्हणून दुकानदारांनी वाढ दोघांत वाटली. ड्रायर 92 डॉलरनं महागला. कराचा परिणाम नुसत्या कर लागलेल्या वस्तूच्या भावात शोधणारा इथेच फसतो, अर्धा खर्च त्याच्या नजरेतून निसटतो.

नोकऱ्या आल्या का? आल्या. कोरियन कंपन्यांनी साउथ कॅरोलायना आणि टेनेसीत कारखाने काढले, देशी कंपनीनंही थोडी भरती केली. सगळे मिळून सुमारे 1800. ग्राहकांच्या खिशातून वर्षाला 150 कोटी डॉलरहून जास्त गेले, सरकारला कर मिळाला 8 कोटी 20 लाख. तो वजा करून भागाकार केला तर एका नोकरीमागे वर्षाला सुमारे 8 लाख 15 हजार डॉलर पडतात. त्या कामगाराचा पगार याच्या जवळपासही नव्हता.

त्याच वर्षी मार्चमध्ये आयात पोलादावर 25 टक्के कर आला आणि ज्या देशी मशीन कंपनीला पहिल्या करानं संरक्षण दिलं होतं, तिचाच पत्रा महागला. एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढून घेतलं.

‘सगळं परत येईल’ यातलं परत आलं ते एवढं. फेब्रुवारी 2023 मध्ये वॉशिंग मशीनवरचा कर संपला. या 1800 जागा मशीनच्या कारखान्यांतल्या होत्या. त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी फर्निचर आणि खेळण्यांच्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या बहुतेकांच्या दारापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही.