‘सकाळची एक बाटली’ आणि चोवीस तासांचा डबा: एका प्रतिक्रियेला उत्तर

मुतखडे पुन्हा पुन्हा होत असतील तर चोवीस तासांची सगळी लघवी डब्यात गोळा करून तपासून घ्यावी, असा लेख मी या ब्लॉगवर लिहिला होता. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया (सही: ‘एक जुना वाचक’):
“डॉक्टर नसताना डॉक्टरकी करू नका. चोवीस तासांचा डबा हा लॅबचा धंदा आहे. सकाळची एक बाटली दिली तरी तेच कळतं. माझ्या काकांना सोनोग्राफीवरच सगळं सांगितलं. पाणी भरपूर प्या, दूध बंद करा, संपला विषय. आकडे फेकून लोकांना घाबरवू नका.”

जुने वाचक, नमस्कार.

जुने आहात म्हणता, मग एवढा तिरकसपणा कशाला? मी डॉक्टर नाही हे ब्लॉगच्या डोक्यावरच लिहिलंय, आणि लेखात कुणालाही गोळी लिहून दिलेली नाही. पण मुतखड्याची कळ मी भांडुपच्या घरातल्या फरशीवर लोळून काढली आहे, दुर्बिणीने खडा काढून घेतला आहे, मूत्रवाहिनीत स्टेंटची नळी घालून लोकलने ऑफिस गाठलं आहे. स्टेंट असताना मुलुंड ते दादर उभ्याने जाऊन बघा, मग ‘घाबरवू नका’ म्हणा. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे माझ्या ब्लॉगवर नको.

एक मान्य. पहिल्यांदाच, एकच खडा झालेल्या प्रत्येकाला ही चाचणी लागत नाही, आणि ती स्वस्तही नाही. पण लेखाच्या शीर्षकातच ‘पुन्हा पुन्हा होणारे खडे’ असं आहे. शीर्षक वाचूनच भडकलात, पुढे सरकला नाहीत, असं दिसतं.

आता तुमचं ते वाक्य: ‘सकाळची एक बाटली दिली तरी तेच कळतं’. नाही कळत. सकाळची लघवी रात्रभराची, दाट असते. जेवणानंतर कॅल्शियम जास्त जातं, खडा होऊ न देणारं सायट्रेट दिवसभर खालीवर होत राहतं. एका वेळच्या बाटलीत त्या वेळेपुरतं काय होतं तेवढंच मिळतं. आणि लघवी एकूण किती झाली, हा तर खड्याच्या हिशेबातला पहिला आकडा. तो बाटलीतून कसा कळणार? सोनोग्राफी खडा दाखवते, तो का होतोय हे दाखवत नाही.

डब्याचा रिपोर्टही डोळे झाकून वाचायचा नसतो, हे मात्र खरं. त्यासाठी माझ्या मेहुण्याचा किस्सा सांगतो. वजन ७० किलो, फोर्टातली नोकरी, खड्यांची परंपरा घराण्यातली. त्याचा पहिला रिपोर्ट आला तो असा: लघवी ७०० मिली, कॅल्शियम १७० मिलिग्रॅम, कॅल्शियमशी जुळून खडा करणारं ऑक्झलेट २१, सायट्रेट २३०. पुरुषांत कॅल्शियम दिवसाला साधारण ३०० पर्यंत, ऑक्झलेट ४० ते ४५ पर्यंत चालतं, आणि सायट्रेट ३२० च्या खाली गेलं तर कमी धरतात. म्हणजे कॅल्शियम छान, ऑक्झलेट छान, सायट्रेट कमी. ज्या डॉक्टरांकडे तो गेला त्यांनी पोटॅशियम सायट्रेट लिहून दिलं. मिठाचं कुणी विचारलं नाही.

रिपोर्टच्या तळाला एक ओळ होती, क्रिएटिनिन ७६०. स्नायूंमधून रोज जवळपास ठरलेलं क्रिएटिनिन लघवीत उतरतं. पुरुषाला दर किलोमागे सुमारे २० ते २५ मिलिग्रॅम, बाईला १५ ते २०. वय झालेल्या किंवा अंगात स्नायू कमी असलेल्या माणसात त्याहून कमी. मेहुण्याचं निदान १४०० तरी यायला हवं होतं. ७६० म्हणजे किलोमागे जेमतेम ११. थोडक्यात, निम्मी लघवी डब्यात पोचलीच नव्हती. खोदून विचारलं तेव्हा कबूल झाला: ऑफिसात डबा कोण नेणार, म्हणून दुपारच्या सगळ्या खेपा तशाच गेल्या. शौचाला बसल्यावर झालेली लघवीही वाया गेली. ही गळती तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

आता बघा, अर्धवट डबा खोटं कसं बोलतो. कॅल्शियम आणि ऑक्झलेट कमी दिसतात म्हणून माणूस खूश होतो, आणि सायट्रेट व लघवी कमी दिसतात म्हणून नको तिथे बोट दाखवलं जातं. त्रैराशिक मांडून आकडे वाढवून घेण्याचा मोह होतो, पण उपचार त्यावर ठरवायचे नाहीत. चाचणी परत करायची.

बहीण म्हणाली, रविवारी घरी करू दे. मी नको म्हटलं. रविवारी तो घरी बसून तांब्या तांब्या पाणी पितो. खडे होतात ते सोमवार ते शनिवार, जेव्हा गाडीत आणि स्टेशनवर संडासाची पंचाईत नको म्हणून माणूस पाणीच टाळतो. म्हणून कामाच्याच दिवशी केलं. सकाळी सातची पहिली लघवी टाकून दिली, वेळ लिहून ठेवली, तिथून पुढची प्रत्येक लघवी धरली. बॅगेत झाकणाची बाटली, संध्याकाळी घरी येऊन ती डब्यात. दुसऱ्या दिवशी सातची शेवटची, तीही डब्यातच. डब्यात लॅबने आधीच थोडं आम्ल घातलेलं होतं, ते ओतून डबा विसळायचा नाही. कॅल्शियम तळाशी बसू नये म्हणून ते असतं. म्हणूनच थेट डब्यात करायचं नाही, मगात धरून ओतायचं.

या वेळी क्रिएटिनिन १४००. लघवी १३०० मिली, कॅल्शियम ३१०, ऑक्झलेट ३८, सायट्रेट ४३०. सायट्रेट चांगलं होतं की! दोष कॅल्शियमचा आणि पाण्याचा. सोबत सोडियम मागितलं होतं ते आलं २३० मिलिमोल, म्हणजे दिवसाला साडेतेरा ग्रॅमच्या आसपास मीठ. मूत्रपिंड जास्तीचं सोडियम बाहेर काढतं तेव्हा कॅल्शियमही त्याच्या मागोमाग जातं. १०० मिलिमोल सोडियममागे ढोबळमानाने ४० मिलिग्रॅम. पापड, लोणचं, ऑफिसखालचा वडापाव आणि रात्रीचं फरसाण, हे त्याचं मीठ. दूध त्याचं बंद केलं नाही, मीठ आवळलं. काही महिन्यांनी पुन्हा डबा भरला: सोडियम १२०, कॅल्शियम २६५, लघवी २२०० मिली. अडीच लिटरचं लक्ष्य अजून गाठलेलं नाही, पण दिशा बरी आहे.

आणि हो, ‘दूध बंद करा’ हे तुम्ही एवढ्या ठामपणे कुठून आणलंत? जेवणातलं कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर काढतं. कॅल्शियम कमी केलं की ऑक्झलेट मोकळं सुटतं आणि लघवीत उतरतं. २००२ साली इटलीतल्या बोर्गी यांनी खडे आणि लघवीत जास्त कॅल्शियम असलेल्या १२० पुरुषांवर पाच वर्षांचा प्रयोग प्रसिद्ध केला. नेहमीइतकं कॅल्शियम, पण कमी मीठ आणि कमी मांसाहार घेणाऱ्यांना कमी कॅल्शियमवाल्यांच्या सुमारे निम्मेच खडे पुन्हा झाले. माझं नको, तेवढं तरी वाचा.

लॅबच्या धंद्याबद्दल काय बोलणार? मला कुणी कमिशन देत नाही, डबा मीही पैसे मोजूनच आणतो. एका दिवसावर भरवसा नको असं तुम्ही म्हणाला असतात तर ऐकून घेतलं असतं, कारण सुरुवातीला दोन वेगळ्या दिवसांचे डबे घेणं बरं असंच युरॉलॉजिस्टही सांगतात. पण ते तुम्ही म्हणालाच नाहीत.

काकांचे खडे परत झाले आणि डबा भरायची वेळ आलीच, तर सोडियम आणि क्रिएटिनिन दोन्ही आधीच लिहून मागा. रिपोर्ट आला की काकांचं वजन हाताशी घेऊन शेवटची ओळ पहिल्यांदा वाचा. त्यात काही अडलं तर विचारा, सांगेन. फक्त या सुरात नको.